तोंड कुठले, फेस कुठला: बोगद्यातल्या सुरक्षा-सूचनांची मराठी

सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये स्फोट करून बोगदा खोदताना काम एका ठरलेल्या चक्राने पुढे सरकते. समोरच्या खडकावर आखणी होते, ड्रिलिंग जंबो होल पाडतो, त्यात स्फोटके भरली जातात आणि सगळे बाहेर निघाल्यावर स्फोट होतो. मग पंख्याने आतले वायू काढायचे, छताला लटकलेले सुटे दगड पाडायचे, फुटलेला माल डंपरने बाहेर न्यायचा आणि उघड्या पडलेल्या खडकाला शॉटक्रीट व रॉक बोल्टचा आधार द्यायचा. एवढे झाले की बोगदा दोन-तीन मीटर पुढे गेलेला असतो आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरी–कसारा दरम्यानचा सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा याच पद्धतीने खोदला गेला.

या कामावर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांची सुरक्षा-सूचना होते. साइटवर तिला ‘टूलबॉक्स टॉक’ किंवा नुसते ‘टीबीटी’ म्हणतात. आज कुठे काय चालणार आहे, धोका कशाचा आहे, कोणी कुठे उभे राहायचे आणि कुठे अजिबात फिरकायचे नाही, हे त्यात सांगायचे असते. मूळ कागद बहुधा इंग्रजीत असतो, कारण कामाची पद्धत आणि धोक्यांची यादी सल्लागार व डिझाइनर यांनी इंग्रजीत लिहिलेली असते. तिचे मराठीत रूपांतर करण्याचे काम मग सुरक्षा अधिकारी, शिफ्ट इंजिनीअर किंवा एखादा जुना फोरमन यांच्यावर येते.

ते दोन ठिकाणी फसते. पहिले ठिकाण शब्दकोशाचे. बोगद्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या खोदाईला साइटवर हेडिंग म्हणतात आणि खालच्या भागाच्या खोदाईला बेंच. शब्दकोशातून किंवा भाषांतराच्या यंत्रातून गेल्यावर त्यांचे ‘शीर्षक’ आणि ‘बाक’ होते, आणि छताच्या सर्वांत उंच भागाचा ‘मुकुट’ होतो. अशा चुका हास्यास्पद असल्यामुळेच निरुपद्रवी असतात. कोणीतरी हसतो आणि कागद दुरुस्त होतो. दुसरे ठिकाण जास्त घातक आहे. तिथे शब्द बरोबर वाटतो, मराठी शुद्ध असते, आणि ऐकणारा तरीही वेगळ्याच जागी जाऊन उभा राहतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘फेस’. जिथे खोदाई चालू आहे तो समोरचा उघडा खडक म्हणजे फेस. त्याला मराठीत सहज सुचणारा शब्द ‘तोंड’. पण मराठी माणसासाठी बोगद्याचे तोंड म्हणजे बाहेरचे प्रवेशद्वार, ज्याला साइटवर पोर्टल म्हणतात. ‘स्फोटानंतर तोंडाजवळ थांबू नका’ ही सूचना ऐकून एखादा मजूर पोर्टलपासून दूर, म्हणजे आत, जाऊ शकतो. इथे इंग्रजी शब्द ठेवणेच शहाणपणाचे आहे: आतला तो ‘फेस’, बाहेरचे ते ‘पोर्टल’, आणि ‘तोंड’ हा शब्द सूचनेत वापरायचाच नाही.

यातून एक कामचलाऊ नियम निघतो. वस्तूचे आणि जागेचे नाव साइटवर जे चालते तेच ठेवावे. कृती आणि धोका मात्र साध्या मराठी क्रियापदांनी सांगावा. बूमर, नोझल, प्लेट, ग्राउट, फेस ही नावे झारखंडहून आलेल्या ड्रिलरला, सांगलीच्या हेल्परला आणि इंजिनीअरला एकसारखी कळतात. त्यांना मराठी प्रतिशब्द घडवला, तर पाळीगणिक एकाच वस्तूची दोन नावे होतात. उलट पडणे, सुटणे, उसळणे, आवळणे, टेकणे, तुंबणे या क्रिया मराठीत जितक्या नेमक्या सांगता येतात, तितक्या कुठल्याही उसन्या शब्दाने येत नाहीत.

बोगद्यावरची टोळी क्वचितच एकभाषी असते. त्यामुळे मराठी सूचना लिहिताना शेजारी हिंदी कान आहेत हे धरून चालावे लागते. मराठीत ‘सुरुंग’ म्हणजे खडक फोडण्यासाठी भरलेले स्फोटक. विहिरी आणि खाणींवर काम केलेल्या कोणालाही हा शब्द ठाऊक असतो. हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे बोगदा. ‘सुरुंगापासून लांब राहा’ हे मराठी माणसाला स्फोटकाबद्दल सांगते, तर हिंदी भाषकाला सगळ्या बोगद्याबद्दल. मिश्र टोळीसाठी ‘टनेल’, ‘होल’ आणि ‘ब्लास्ट’ हे तीन शब्द पक्के करावेत, आणि ‘सुरुंग’ फक्त सगळे मराठी असतील तिथे बोलावा.

‘खाली’ हा शब्दही असाच. मराठीत तो दिशा सांगतो, हिंदीत रिकामेपणा. शिवाय मराठी बोलीत डंपर ‘खाली करणे’ म्हणजे तो रिकामा करणेही असतेच. ‘बूम खाली घे’ आणि ‘डंपर खाली कर’ या दोन सूचना एकाच पाळीत, पंख्याच्या घरघरीत, तुटक ऐकू आल्या तर काय होईल याचा विचार भाषांतर करणाऱ्याने करायला हवा. ‘बूम जमिनीला टेकव’ आणि ‘डंपर रिकामा कर’ असे म्हटले की घोळ उरत नाही.

स्फोटानंतरच्या टप्प्यात भाषेची परीक्षा होते ती दोन जागी. पहिली वायूंची. इंग्रजी कागदात स्फोटानंतरच्या विषारी वायूंसाठी जो शब्द असतो त्याचे ‘धूर’ असे भाषांतर सर्रास होते. मग मजूर डोळ्यांनी तपासतो: धूर दिसत नाही, म्हणजे आत जायला हरकत नाही. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा परिणाम तर काही तासांनी फुफ्फुसात दिसू शकतो, म्हणजे पाळी संपवून माणूस खोलीवर गेल्यावर. म्हणून सूचनेत ‘धूर गेल्यावर’ नको. ‘मीटरने वायू मोजून शिफ्ट इंजिनीअरने हो म्हटल्यावर’ असे हवे. वाक्य लांबते, पण परवानगी कोणाची आणि ती कशावर अवलंबून, हे दोन्ही त्यात येते.

दुसरी जागा न फुटलेल्या होलची. मराठीत त्यासाठी तोंडावर असलेला शब्द ‘फुसका बार’ आहे आणि इथे तो अगदी चुकीचा आहे. फुसका म्हणजे ज्यात काही दम नाही असा. न फुटलेल्या होलमध्ये मात्र पुरी स्फोटके आणि डेटोनेटर शाबूत असतो. पुढच्या पाळीचे ड्रिल त्याला लागले तर तो तिथेच फुटतो. मराठीत ‘जिवंत काडतूस’ आधीपासून रुळलेले आहे, तेव्हा ‘जिवंत होल’ हा शब्द सहज समजतो आणि योग्य ती भीतीही घालतो. स्फोटानंतर फेसमध्ये होलांची बुडे शिल्लक राहतात. ती रिकामी दिसली तरी त्यांत ड्रिल घालायचे नाही, ही सूचना वेगळ्या वाक्यात द्यावी लागते, कारण आयते होल दिसले की ड्रिलची टीप तिथेच टेकवण्याचा मोह ड्रिलरला होतो.

सुटे दगड पाडण्याच्या कामाला साइटवर ‘स्केलिंग’ म्हणतात. शब्द राहू द्यावा, पण त्याला जोडून ‘सुटे दगड पाडणे’ असे दरवेळी म्हणावे, म्हणजे नवा हेल्परही चुकणार नाही. बेसॉल्टचा एक मीटर लांब-रुंद आणि अवघा दहा सेंटिमीटर जाड चपटा तुकडा सुमारे २८० किलो भरतो. हेल्मेट त्यापुढे काही कामाचे नाही. यंत्राने स्केलिंग झाल्यावरही लांब पहारीने ठोकून पाहावे लागते. घट्ट खडक खणखणीत वाजतो आणि सुटलेला बद्द वाजतो. मडके वाजवून घेणाऱ्या घरातल्या माणसाला ‘बद्द’ हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. ‘पोकळ ध्वनी’ मात्र द्यावा लागतो.

स्केलिंगच्या सूचनेत उभे राहण्याची जागा हाच गाभा आहे. माणूस आधार दिलेल्या छताखाली उभा राहतो आणि तिथून पुढे-पुढे ठोकत जातो. पहार शरीराच्या समोर न धरता बाजूला धरतो, म्हणजे सुटलेला दगड पहारीवरून घसरत अंगावर येत नाही. पाठीमागे हटायची वाट मोकळी ठेवतो. इंग्रजी मजकुरात हे सगळे कर्मणी प्रयोगात असते आणि भाषांतरात ‘स्केलिंग सुरक्षित ठिकाणाहून केले जावे’ असे उतरते. यात कोणी करायचे हे नाही आणि सुरक्षित ठिकाण कोणते हेही नाही. ‘शेवटच्या बोल्टच्या ओळीच्या पुढे पाऊल टाकायचे नाही’ असे म्हटले की जागा डोळ्यांना दिसते.

इथे खोदाईशास्त्रातली एक संज्ञा हमखास अडवते. आधार न देता उघडा खडक किती वेळ स्वतःच्या बळावर टिकेल, त्या वेळेची कल्पना लाउफर यांनी १९५८ मध्ये मांडली. तिचे शब्दशः भाषांतर ‘उभे राहण्याची वेळ’ असे होते आणि मजुराला ती माणसांनी उभे राहण्याची मुभा वाटू शकते. ‘खडक टिकण्याची वेळ’ एवढा बदल पुरतो. खरे तर मजुराला ही संज्ञा लागतच नाही. त्याला लागते ते पुढचे: आज लाल बोलचा थर लागला आहे, तो हवा-पाणी लागले की भुसभुशीत होतो, म्हणून आजचे शॉटक्रीट जेवणाच्या सुटीनंतर नाही, आधीच मारायचे. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये मधूनमधून येणारा हा तांबडा थर घाटातल्या माणसाने रस्त्याच्या कापलेल्या दरडीत पाहिलेला असतो. तो दाखवून बोलता येते.

शॉटक्रीट म्हणजे हवेच्या दाबाने नोझलमधून फवारलेले काँक्रीट. या तंत्राचा उगम एका वस्तुसंग्रहालयात आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये प्राण्यांची कातडी भरून मांडणारे कार्ल एकली यांनी सिमेंट फवारणारी बंदूक बनवली आणि १९११ मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. ‘गनाइट’ आणि त्यावरून मराठी साइटवर रुळलेले ‘गनायटिंग’ तिथूनच आले. आजही काही जुने मिस्त्री शॉटक्रीटला गनायटिंग म्हणतात. हे दोन शब्द एकाच पाळीत चालत असतील तर सूचनेत एकदा स्पष्ट करावे, कारण गनायटिंग म्हणताना बहुधा कोरड्या मिश्रणाची पद्धत डोळ्यांपुढे असते. तिच्यात पाणी नोझलपाशी मिसळते, धूळ जास्त उडते आणि भिंतीवर आपटून परत येणारा मालही जास्त असतो. बोगद्यांत आता बहुतेक ओल्या मिश्रणाचा पंप आणि यंत्राचा हात वापरतात.

भिंतीवरून उसळून परत येणाऱ्या या मालाला साइटवर ‘रिबाउंड’ म्हणतात. ‘प्रतिक्षेप’ असा प्रतिशब्द लिहिला तर कागद भारदस्त होतो आणि डोळे तसेच उघडे राहतात. ‘खडी उसळून तोंडावर येते, चष्मा चढवल्याशिवाय नोझलजवळ यायचे नाही’ यात सगळे आले. मिश्रणात लवकर घट्ट होण्यासाठी एक रसायन घालतात. सिमेंट स्वतः क्षारीय असतेच. डोळ्यात थेंब गेला तर चोळायचे नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचे, हे ‘चोळू नका’ या शब्दातच सांगितले पाहिजे, कारण हात आपोआप तिकडेच जातो.

शॉटक्रीटचा खरा धोका मात्र ताज्या थराचा आहे, आणि तो लपतो ‘सुकणे’ या शब्दाआड. घरबांधणीतला मराठी माणूस प्लास्टर सुकले का म्हणून पाहतो. सिमेंट सुकून घट्ट होत नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते, आणि म्हणूनच नंतर त्यावर पाणी मारावे लागते. छतावरचा थर वरून कोरडा दिसला तरी आत मऊ असू शकतो आणि आपल्या वजनाने, किंवा मागचा दगड घेऊन, सुटून पडू शकतो. पाच सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो असतो. म्हणून सूचनेत ‘सुकल्यावर’ हा शब्द येऊच नये. मिस्त्री लोकांचा ‘सिमेंटने पकड घेतली’ हा शब्द अर्थाला जवळचा आहे, पण पकड घेतली की नाही हे डोळ्यांनी ठरवायचे नसते. इंजिनीअर ताज्या थरात सुई दाबून तिच्या जोरावरून ताकद मोजतो. परत आत जाण्यासाठी बऱ्याच साइटवर एक मेगापास्कल हा आकडा धरतात. मजुरापुढे मेगापास्कल बोलण्याची गरज नाही. ‘सुईची तपासणी झाली, इंजिनीअरने हिरवी पाटी लावली, मगच आत’ एवढे पुरते.

पाइप तुंबण्याबद्दलची सूचनाही अशीच मोजक्या शब्दांत बसते: पंप बंद, दाब काढा, मग पाइप खोला, नोझलमध्ये डोळा घालून पाहायचे नाही. दाबाखालचा पाइप खोलला की तो सापासारखा उसळतो. ‘अवरोध दूर करण्यापूर्वी दाब शून्य केल्याची खात्री करावी’ या वाक्यात पंप कोणी बंद करायचा, हेच राहून गेलेले असते.

रॉक बोल्टच्या भाषांतरात अडचण नावातच आहे. बोल्ट म्हटले की नट घट्ट आवळायचा, असा हाताचा संस्कार असतो. पण खडकात बसवलेले सगळेच बोल्ट तसे नसतात. काही बोल्टमध्ये मुद्दाम ताण देतात, तर काहींच्या होलमध्ये पूर्ण लांबीभर सिमेंटचे ग्राउट भरतात आणि सळईवर ताण येतो तो खडक हलू लागल्यावर. पहिल्या प्रकारात नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचा असतो. दुसऱ्यात ग्राउट कडक झाल्यावर प्लेट खडकाला नीट टेकेल इतकाच तो फिरवायचा असतो. ग्राउट ओले असताना जोर लावला तर सळई आणि ग्राउट यांची पकडच मोडते. दोन्हींसाठी ‘नट आवळा’ एवढे लिहिणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागडी चूक. एकासाठी ‘टॉर्कपर्यंत आवळा’, दुसऱ्यासाठी ‘प्लेट टेकेपर्यंत फिरवा’, असे दोन वेगळे शब्द ठरवावेत.

रेझिनच्या कॅप्सूलवर बसणाऱ्या बोल्टला तिसरीच शिस्त आहे. सळई फिरवून रेझिन मिसळायचे, मग ती अजिबात न हलवता धरायची, आणि शेवटी नट आवळायचा. प्रत्येक टप्प्याचे सेकंद कॅप्सूलच्या उत्पादकाने दिलेले असतात. ‘फिरवा, धरा, मग आवळा’ हा क्रम मराठीत तीन क्रियापदांत मावतो. रेझिन घट्ट होऊ लागल्यावरही सळई फिरवत राहिले तर बोल्ट आतून सैल होतो. बाहेरून तो चांगल्या बोल्टसारखाच दिसतो, आणि हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. ओढून पाहण्याच्या या चाचणीसाठी आयएस ११३०९ हे भारतीय मानक आहे. तिच्या सूचनेत एकच वाक्य सर्वांत आधी यावे: चाचणी चालू असताना सळईच्या रेषेत समोर कोणी उभे राहायचे नाही.

बोल्ट का मारतात हेही थोडक्यात सांगितलेले बरे, कारण कारण कळलेला माणूस एखादा बोल्ट गाळत नाही. गोधडीतले टाके जसे थरांना एकत्र धरतात, तसे बोल्ट छतातल्या फटी पडलेल्या खडकाला बांधून ठेवतात. प्लेट वाकणे, प्लेटभोवती शॉटक्रीटला नवी भेग पडणे, काल कोरड्या असलेल्या जागी पाणी ठिबकणे, बारीक खडे पडत राहणे या त्याच्या धोक्याच्या खुणा. त्यांना तांत्रिक नावे आहेत, पण सूचनेत या खुणाच सांगाव्यात. शिवाय ‘दरड’ हा शब्द इथे टाळावा. घाटात दरड बाहेर कोसळते आणि ऐकणारा माणूस पोर्टलकडे नजर टाकतो. ‘छत सुटते आहे’ म्हटले की डोळे वर जातात.

हे सगळे एका पाळीच्या सूचनेत कसे उतरते ते पाहता येईल. समजा रात्रीच्या पाळीत तीन मीटरचा राउंड उडवला आहे, फेसवर फुटीर खडक आहे, पाच सेंटिमीटरचा पहिला थर मारायचा आहे आणि मग चार मीटरचे ग्राउट केलेले बोल्ट बसवायचे आहेत. शब्दशः भाषांतर साधारण असे होते: ‘जोपर्यंत फवारलेले काँक्रीट आवश्यक प्रारंभिक सामर्थ्य प्राप्त करत नाही, तोपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्याने आधाररहित क्षेत्रात प्रवेश करू नये, तसेच बोल्टिंगपूर्वी स्केलिंग पूर्ण केले जावे.’ पंखा चालू असताना यातले ‘प्रवेश करू’ ऐकू येते आणि ‘नये’ वाऱ्यावर जाते. काय आधी आणि काय नंतर, हेही वाक्याच्या पोटात दडलेले आहे.

तेच बोलीत असे मांडता येते: ‘रात्रीचा राउंड तीन मीटरचा आहे. शेवटच्या बोल्टच्या ओळीपुढे आज कोणी जायचं नाही. आधी मीटरने वायू मोजायचे. मग मशीनने सुटे दगड पाडायचे, मग बोल्टच्या ओळीमागे उभं राहून पहारीने ठोकून बघायचं. बद्द वाजला तर शिफ्ट इंजिनीअरला हाक मारा. मग माल काढायचा. मग शॉटक्रीट, नोझलवाला आणि त्याचा हेल्पर सोडून बाकी सगळे मागे. शॉटक्रीट मारलेल्या छताखाली हिरवी पाटी लागेपर्यंत जायचं नाही. पाटी लागली की बोल्ट. ग्राउट भरायचं, सळई घालायची, नट आत्ता आवळायचा नाही.’ इथे प्रत्येक वाक्यात एकच कृती आहे, क्रम ‘आधी’ आणि ‘मग’ने बांधला आहे, आणि नकार वाक्याच्या शेवटी पूर्ण शब्दात आला आहे. मुकादम वयाने वडीलधारा असेल तर इंजिनीअर त्याला अहो-जाहोच करतो, पण वर्ज्य गोष्ट ‘जायचं नाही’ याच सुरात सांगतो. ‘कृपया जाऊ नये’ म्हणजे विनंती, आणि विनंती नाकारता येते.

सूचना समजली का, असे विचारल्यावर सगळ्यांच्या माना हलतात आणि त्यातून काहीच कळत नाही. तीन प्रश्न पुरतात, पण उत्तर कृतीने घ्यायचे. एका हेल्परला टॉर्चचा झोत शेवटच्या बोल्टच्या ओळीवर टाकायला सांगायचे. एका बोल्टरला नट कधी फिरवायचा ते त्याच्या शब्दांत सांगायला लावायचे. हिंदी बोलणाऱ्या ऑपरेटरला ‘फेस’ आणि ‘पोर्टल’ हाताने दाखवायला सांगायचे. ज्या शब्दावर हात चुकीकडे जातो तो शब्द त्या दिवशी बदलायचा आणि नवा शब्द पुढच्या पाळीच्या नोंदवहीत लिहून ठेवायचा, नाहीतर दुसऱ्या पाळीचा अधिकारी जुनाच शब्द वापरतो.

अशा नोंदवहीतून काही आठवड्यांत त्या साइटची वीस-पंचवीस शब्दांची यादी तयार होते. ती दुसऱ्या साइटवर जशीच्या तशी चालेल असे नाही. कोकणातल्या टोळीचे शब्द खानदेशातल्या टोळीला परके वाटतात, आणि यंत्रे बदलली की काही नावेही बदलतात. छापील परिभाषाकोशाचा उपयोग इथे मर्यादित आहे, कारण तो पाठ्यपुस्तकाच्या वाचकासाठी लिहिलेला असतो. करारातले, चाचणी अहवालातले आणि मानकांतले शब्द अचूकच राहिले पाहिजेत, आणि बोल्टची लांबी, थराची जाडी, रेझिनचे सेकंद हे आकडे भाषांतरात एका अंकानेही बदलता कामा नयेत. मूळ आकडा वाचून दाखवायचा, फळ्यावर लिहायचा, आणि मगच त्याचा अर्थ बोलीत सांगायचा.